सतरा दिवस की अठरा? दोन तारखांमधले दिवस न चुकता मोजायची पद्धत

भारताचं संविधान तयार व्हायला किती काळ लागला? स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर पाठ असतं. पण वर्गात निम्मी मुलं म्हणतात २ वर्षं, ११ महिने, १७ दिवस, आणि निम्मी म्हणतात १८ दिवस. दोघांकडेही पुस्तक असतं आणि दोघंही बोट ठेवून ओळ दाखवतात. मी अशा मुलांना अंकगणित शिकवतो आणि तारखांच्या प्रकरणाची सुरुवात दरवर्षी याच भांडणापासून करतो, कारण दिवस मोजताना होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका या एका उदाहरणात सापडतात.

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली आणि संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलं गेलं. या दोन तारखा वहीच्या पानावर वर लिहून ठेवा. खालचं सगळं काम यांच्यावरच करू.

आधी ठरवा: अंतर हवं की दिवसांची संख्या

पेन्सिल उचलण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. आपल्याला एका तारखेपासून दुसरीपर्यंतचं अंतर हवंय, की त्या काळातले दिवस एकेक करून मोजायचेत?

सोमवारी बँकेत पैसे ठेवले आणि शनिवारी काढले, तर पाच दिवसांचं व्याज मिळतं. हे अंतर झालं. मध्ये पाच रात्री गेल्या म्हणून पाच. पण सोमवार ते शनिवार रजा घेतली, तर अर्जावर सहा दिवस लागतात, कारण सोमवारीही तुम्ही कामावर नव्हता आणि शनिवारीही नव्हता. घरातल्या मोजण्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या असतात. पाच दिवसांचा गणपती बुधवारी बसला तर रविवारी उठतो, म्हणजे बसण्याचा दिवस पहिला धरलेला असतो. दहावा, बारावा, तेरावा हे दिवसही असेच मोजतात. पहिला दिवस धरण्याची ही सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे, की व्याजाच्या किंवा मुदतीच्या हिशेबातही ती नकळत घुसते आणि उत्तर एकाने वाढतं.

म्हणून माझ्या तक्त्याच्या डोक्यावर एक चौकट असते: ‘दोन्ही टोकं धरायची? हो / नाही’. आधी तिथे खूण करायची. गणित मात्र नेहमी अंतराचंच करायचं आणि ‘हो’ असेल तर अगदी शेवटी एक मिळवायचा. मधेच कुठेतरी मिळवला तर तो मिळवला की राहिला, हे पाच ओळींनंतर कोणालाच आठवत नाही.

कायद्यातल्या मुदतीला या चौकटीत ‘नाही’ लागतं. १८९७च्या सर्वसाधारण कलमे अधिनियमाच्या कलम ९ नुसार ‘अमुक तारखेपासून’ असं म्हटलं की ती तारीख सोडायची, आणि ‘अमुक तारखेपर्यंत’ म्हटलं की ती धरायची. एक टोक आत, एक बाहेर, म्हणजे अंतरच.

तक्ता: वर्षातला कितवा दिवस

महिन्यांची लांबी मुठीवर मोजायला आपण सगळेच शिकलो आहोत. उंचवट्यावर ३१ आणि खाचेत ३०, फेब्रुवारी तेवढा वेगळा. जुलैला पहिली मूठ संपते आणि ऑगस्टला पुन्हा पहिल्या उंचवट्यापासून सुरुवात होते, म्हणून हे दोन लागोपाठचे महिने ३१चे. पण दर वेळी बारा महिने बोटांवर मिळवत बसलं की एखादा महिना सुटतो. त्यापेक्षा बेरीज एकदाच करून ठेवावी. प्रत्येक महिना उजाडण्याआधी वर्षाचे किती दिवस संपलेले असतात, ते असं:

| महिना | आधी संपलेले दिवस |
|---|---|
| जानेवारी | ० |
| फेब्रुवारी | ३१ |
| मार्च | ५९ |
| एप्रिल | ९० |
| मे | १२० |
| जून | १५१ |
| जुलै | १८१ |
| ऑगस्ट | २१२ |
| सप्टेंबर | २४३ |
| ऑक्टोबर | २७३ |
| नोव्हेंबर | ३०४ |
| डिसेंबर | ३३४ |

या आकड्यात तारीख मिळवली की तो वर्षातला कितवा दिवस ते कळतं. २६ नोव्हेंबर म्हणजे ३०४ + २६ = ३३०वा. लीप वर्ष असेल तर मार्चपासून पुढच्या प्रत्येक आकड्यात एक वाढवायचा. जानेवारी आणि फेब्रुवारीला मात्र हात लावायचा नाही, कारण जादा दिवस फेब्रुवारीच्या शेवटी येतो.

दोन्ही तारखा एकाच वर्षातल्या असतील तर एका वजाबाकीत काम होतं. उलटंही जमतं. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तराने समाधान झालं नाही, तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं असतं. उत्तर २० जानेवारीला हातात पडलं, तर २० + ३० = ५०वा दिवस. तक्त्यात ५०च्या आतला सर्वांत मोठा आकडा फेब्रुवारीचा ३१, आणि ५० − ३१ = १९. म्हणजे १९ फेब्रुवारी. ‘३० दिवस म्हणजे महिनाच की’ असं म्हणून २० फेब्रुवारीला गेलात, तर एक दिवस उशीर झाला. जानेवारी ३१चा आहे, त्याची ही किंमत.

वेगवेगळ्या वर्षांतल्या तारखा: चार ओळींची मांडणी

आता आपलं मूळ उदाहरण. मी मुलांना वहीत चार ओळी आखायला सांगतो.

पहिल्या ओळीत सुरुवातीच्या वर्षातले उरलेले दिवस. ९ डिसेंबर हा ३३४ + ९ = ३४३वा दिवस, आणि १९४६ साधं वर्ष, म्हणून ३६५ − ३४३ = २२.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत मधली पूर्ण वर्षं. १९४७चे ३६५, आणि १९४८ला चारने भाग जातो म्हणून त्याचे ३६६.

चौथ्या ओळीत शेवटच्या तारखेचा क्रमांक. २६ नोव्हेंबर, ३३०.

बेरीज २२ + ३६५ + ३६६ + ३३० = १०८३. एवढ्या दिवसांचं अंतर. दोन्ही टोकं धरली तर १०८४.

ही बेरीज बरोबर आहे हे कशावरून? इथे वाराची मदत घ्यायची. अंतराला सातने भागलं की जी बाकी उरते, तितके वार पुढे सरकायचं. १०८३ मधून सातची १५४ पट, म्हणजे १०७८ काढले, बाकी ५. ९ डिसेंबर १९४६ला सोमवार होता. सोमवारपासून पाच वार पुढे म्हणजे शनिवार, आणि २६ नोव्हेंबर १९४९ला शनिवारच होता. एका दिवसाची चूकही इथे लगेच उघडी पडते. फक्त दोन्ही वार कॅलेंडरातून किंवा त्या दिवसाच्या छापील कागदातून स्वतंत्रपणे घ्या. एका वारावरून दुसरा काढला, तर ती पडताळणीच होत नाही. आणि चूक नेमकी सात दिवसांची असेल तर वार ती पकडणार नाही, पण हाताच्या हिशेबात चूक बहुधा एक-दोन दिवसांचीच असते.

माझ्या वर्गात वाराची ओळ न लिहिलेल्या उत्तराला मी पूर्ण गुण देत नाही.

वर्षं, महिने, दिवस: हातचा न घेता

परीक्षेत उत्तर नुसत्या दिवसांत मागत नाहीत, वर्षं-महिने-दिवस मागतात. शाळेत शिकवलेली रीत म्हणजे तारखेखाली तारीख लिहून वजाबाकी करायची आणि दिवस कमी पडले की महिन्याकडून ३० चा हातचा घ्यायचा. सरळ आकड्यांना ती चालते. २६-११-१९४९ मधून ९-१२-१९४६ वजा करताना दिवसांत हातचा लागतच नाही, २६ − ९ = १७. महिन्यांत वर्षाचा हातचा घेऊन २३ − १२ = ११, आणि वर्षं दोन. पण ज्या महिन्याकडून हातचा घ्यायचा तो ३०चा नसला की गाडी घसरते.

मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ला नेमली गेली. तिथपासून २६ जानेवारी १९५० पर्यंतचा काळ काढू. २६ मधून २९ जात नाहीत, म्हणून ३० चा हातचा: ५६ − २९ = २७. उत्तर येतं २ वर्षं, ४ महिने, २७ दिवस. आता तेच पायी चालत जाऊ. २९ ऑगस्ट १९४७ पासून दोन वर्षं पुढे, २९ ऑगस्ट १९४९. तिथून चार महिने पुढे, २९ डिसेंबर १९४९. तिथून २६ जानेवारीपर्यंत डिसेंबरचे २ आणि जानेवारीचे २६, मिळून २८. खरं उत्तर २ वर्षं, ४ महिने, २८ दिवस, कारण वाटेत आलेला डिसेंबर ३१चा होता.

म्हणून माझा आग्रह पायी चालण्याचा. आधी पूर्ण वर्षं, मग पूर्ण महिने, आणि उरलेले दिवस खऱ्या महिन्याच्या लांबीने. हा क्रम उलटला तर उत्तरही बदलू शकतं.

चालताना एकच खड्डा लागतो: पुढच्या महिन्यात ती तारीखच नसणं. ३१ जानेवारीनंतर एक महिना म्हणजे कधी? १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २३ मध्ये याचा निकाल लागलेला आहे. त्या महिन्यात तसा दिवस नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. कायद्यातच उदाहरण आहे, २९ जानेवारी १८७८ची एक महिन्याची हुंडी. १८७८ लीप नव्हतं, म्हणून महिना २८ फेब्रुवारीला भरतो आणि सवलतीचे तीन दिवस तिथून पुढे मोजायचे. आपणही तोच नियम लावू. ३१ जानेवारी २०२५ ते १ मार्च २०२५ म्हणजे १ महिना १ दिवस. इथे हातच्याची रीत लावून पाहा. फेब्रुवारीचा २८ चा हातचा घेतला तर २९ मधून ३१ जात नाहीत, आणि ३० चा घेतला तर शून्य दिवस उरतात. प्रत्यक्ष अंतर २९ दिवसांचं आहे.

आता सतरा-अठराचं भांडण मिटवता येतं. ९ डिसेंबर १९४६ पासून दोन वर्षं अकरा महिने चाललं की ९ नोव्हेंबर १९४९ येतो. तिथून २६ नोव्हेंबरचं अंतर १७, दोन्ही टोकं धरली तर १८. दोन्ही पुस्तकं आपापल्या मोजणीने बरोबर आहेत, चौकटीतली खूण तेवढी वेगळी. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ वर्षं, ११ महिने, १७ दिवस असंच म्हटलं होतं. गंमत म्हणजे भाषणाच्या दिवसापर्यंत दोन्ही टोकं धरून मोजलं तरी १७च येतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंतचं नुसतं अंतर घेतलं तरी १७च. मुलांनी हे स्वतः मोजून पाहिलं की मगच ‘पासून’ आणि ‘धरून’ यांतला फरक डोक्यात पक्का बसतो.

लीप वर्ष: साल नाही, २९ फेब्रुवारी शोधा

‘लीप वर्ष आलं की एक मिळवा’ हे वाक्य मी मुलांना विसरायला लावतो. प्रश्न असा विचारायचा: दोन तारखांच्या मधे २९ फेब्रुवारी किती वेळा आली? १९६० लीप वर्ष होतं, पण १ मे १९६० पासून मोजायला लागलो तर त्या वर्षीची २९ फेब्रुवारी मागेच राहिली. चार ओळींच्या मांडणीत हे आपोआप जमतं, कारण वर्षाचे दिवस ३६६ धरले आणि १ मेचा क्रमांकही एकाने वाढवला की दोन्ही वाढी एकमेकींना खातात. मात्र यांतली एकच वाढ केली आणि दुसरी राहिली, तर चूक झालीच.

शतकाच्या वर्षाला वेगळा नियम आहे, त्याला ४०० ने भाग जायला हवा. २००० लीप होतं. १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. आज जिवंत असलेल्या बहुतेकांच्या आयुष्यात याने काही बिघडत नाही, पण इतिहासातल्या तारखा घेतल्या की बिघडतं. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१, महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६. १४ एप्रिल १९५६ पर्यंत ६५ वर्षं, म्हणजे ६५ × ३६५ = २३,७२५ दिवस. मधल्या २९ फेब्रुवारी: १८९२ आणि १८९६च्या दोन, १९०४ पासून १९५६ पर्यंतच्या चौदा, मिळून सोळा. १४ एप्रिल ते ६ डिसेंबर ३४० − १०४ = २३६. एकूण २३,९७७ दिवस. सातने भागून बाकी २. १४ एप्रिल १८९१ला मंगळवार होता, दोन पुढे गुरुवार, आणि ६ डिसेंबर १९५६ला गुरुवारच होता. १९०० चुकून लीप धरलं असतं तर शुक्रवार आला असता.

आणखी मागे गेलात तर कॅलेंडरच बदलतं. इंग्लंडने आणि त्याच्या वसाहतींनी सध्याची पद्धत १७५२ मध्ये घेतली, तेव्हा २ सप्टेंबरनंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर मोजला गेला. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही आपल्या ओळखीची तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. हे न बघता आजचं कॅलेंडर सरळ मागे नेलं तर ६ जून १६७४ला बुधवार निघतो, पण तो दिवस शनिवार होता. इथेही चूक वारानेच धरली. इतक्या जुन्या तारखांमधलं अंतर काढायचं असेल, तर आधी दोन्ही तारखा एकाच पद्धतीत आणा.

संगणकावर पडताळताना

एक्सेलमध्ये दोन तारखांची वजाबाकी केली की अंतर मिळतं. तारीख ९/१२/१९४६ अशी टाइप करू नका. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो तिला १२ सप्टेंबर समजतो आणि एक शब्दही न बोलता वेगळं उत्तर देतो. साल, महिना, दिवस सुटे द्या:

```
=DATE(1949,11,26)-DATE(1946,12,9)
```

उत्तर 1083 यायला हवं. घरात आकड्याऐवजी एखादी तारीखच दिसली, तर त्या घराचा प्रकार बदलून साधी संख्या करा. महिने पुढे नेण्यासाठी `EDATE` आहे, आणि ३१ जानेवारीला तेही महिन्याच्या शेवटच्या दिवसावरच आणून ठेवतं. उरलेले दिवस काढायला काही जण `DATEDIF` मधला `"md"` वापरतात. त्यात चुकीची उत्तरं येतात आणि तो वापरू नये असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं आहे, तेव्हा ते दिवस हातानेच मोजा. १९०० आधीच्या तारखा एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही. शिवाय लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी त्यात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उजाडलेला दिवस ठेवलेला आहे. बाबासाहेबांचं उदाहरण म्हणून तिथे करता येत नाही, वहीतच करावं लागतं.

सरावाला तीन

एक: महाराष्ट्राची स्थापना १ मे १९६०, गोवामुक्ती १९ डिसेंबर १९६१. अंतर किती? पहिल्या दिवशी रविवार होता, दुसऱ्या दिवशीचा वार काढा.

दोन: २७ फेब्रुवारी ते ३ मार्च २०२८, दोन्ही दिवस धरून रजा. किती दिवसांची?

तीन: संविधान स्वीकारल्यापासून, २६ नोव्हेंबर १९४९, ते लागू होईपर्यंत, २६ जानेवारी १९५०, किती दिवस गेले?

पहिल्याचं उत्तर ५९७ आणि मंगळवार. १ मे १९६० हा १२२वा दिवस, ३६६ − १२२ = २४४, त्यात ३५३ मिळवले. ५९८ आले असतील तर १ मेच्या क्रमांकात लीपचा एक मिळवायचा राहिला आहे. दुसऱ्याचं ६: ३ मार्च हा ६३वा, २७ फेब्रुवारी ५८वा, अंतर ५ आणि चौकटीत ‘हो’ म्हणून एक. तिसऱ्याचं ६१. तारीख दोन्हीकडे २६च, म्हणून दोन महिने म्हणजे ६० दिवस असं बहुतेक मुलं न मोजताच लिहितात. नोव्हेंबरचे ४, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे २६ मांडून बघा, आणि मग शनिवारपासून पाच वार पुढे जा. पहिल्या प्रजासत्ताक दिनी गुरुवार होता.